डेटाबेसमधील प्रवेश नाकारला जातो तेव्हा

शासकीय कार्यालयांतील नोंदवह्यांची जागा आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय डेटाबेसने घेतली आहे. शाळांची पटनोंदणी, लाभार्थ्यांच्या याद्या, जमाखर्चाचे ताळेबंद असा पुष्कळसा मजकूर एखाद्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, साठविलेला असतो आणि कर्मचारी आपापल्या टेबलावरील संगणकावरून तो पाहतात वा भरतात. हे काम सुरळीत चालू असता एखाद्या सकाळी पडद्यावर प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो आणि सर्व काम थबकते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच निष्कर्ष काढला जातो, तो म्हणजे पासवर्ड चुकला. मग पासवर्ड पुनःपुन्हा टंकून पाहिला जातो, बदलला जातो, आणि तरीही प्रवेश मिळाला नाही की घाईने असे काही उपाय योजले जातात की ज्यांमुळे शेकडो नागरिकांची माहिती कोणालाही उघडी व्हावी.

वस्तुतः प्रवेश नाकारला जाण्यास निदान तीन वेगवेगळी कारणे संभवतात. पासवर्ड चुकीचा असणे हे त्यांपैकी एक. ज्या संगणकावरून प्रवेश मागितला जात आहे त्या संगणकास परवानगीच नसणे हे दुसरे. ओळख पटविण्याची जी पद्धत सर्व्हर वापरतो ती मागणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक नसणे हे तिसरे. या तिन्हींवरील उपाय भिन्न आहेत. इतकेच नव्हे, तर एकावरील उपाय दुसऱ्यावर लागू केल्यास कधी काहीच साधत नाही आणि कधी अपाय होतो. म्हणून ती कशी ओळखावीत याचे विवेचन येथे ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेस-प्रणालीच्या आधारे केले आहे.

सर्व्हर कोणत्या क्रमाने तपासणी करतो

मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याचे खाते केवळ नावाने ओळखले जात नाही. नाव आणि ज्या संगणकावरून प्रवेश घ्यावयाचा त्या संगणकाचा पत्ता, या दोहोंची जोडी मिळून एक खाते होते. या पत्त्यास ‘होस्ट’ असे म्हणतात. ‘नोंदणी’ या नावाचा वापरकर्ता खुद्द सर्व्हरवरून आला तर त्याचे खाते एक आणि तोच कचेरीतील दुसऱ्या संगणकावरून आला तर त्याचे खाते दुसरे असू शकते. दोहोंचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकार वेगळे असू शकतात आणि ओळख पटविण्याची पद्धतही वेगळी असू शकते. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

प्रवेशाची विनंती येताच सर्व्हर प्रथम पत्ता पाहतो. त्या पत्त्याशी जुळणारे एकही खाते नसेल तर नाव विचारण्यापूर्वीच तो संबंध तोडतो. पत्ता जुळला तर नाव पाहून खात्यांच्या यादीतून नेमकी एक ओळ निवडतो. त्यानंतर त्या ओळीत ओळख पटविण्याची जी पद्धत नोंदविली असेल ती वापरण्यास समोरच्या प्रोग्रामला सांगतो. ही पद्धत पुरविणाऱ्या जोडभागास ‘प्लगिन’ म्हणतात. हे सर्व पार पडल्यावर शेवटी पासवर्डची पडताळणी होते.

म्हणजेच ज्या पासवर्डवर सर्वांत आधी संशय घेतला जातो त्याची तपासणी सर्व्हर सर्वांत शेवटी करीत असतो. यास्तव शोधाचा क्रमही सर्व्हरच्या क्रमाप्रमाणेच ठेवावा: प्रथम पत्ता, नंतर पद्धत आणि अखेर पासवर्ड.

एक उदाहरण

समजा, एका तालुका कार्यालयात शाळांच्या पटनोंदणीचा डेटाबेस आहे. जुना सर्व्हर निकामी झाल्याने नवा बसविण्यात आला. जुन्यावर मायएसक्यूएलची ५.६ ही आवृत्ती होती, नव्यावर ८.४ ही आहे. सर्व तक्ते नव्या सर्व्हरवर उतरविण्यात आले. खाती मात्र नव्याने निर्माण करावयाची होती. ते काम करणाऱ्या तंत्र साहाय्यकाने सर्व्हरवरच बसून `nondani` या नावाचे खाते तयार केले, जुनाच पासवर्ड दिला, तेथूनच प्रवेश करून पाहिला आणि काम पूर्ण झाल्याची नोंद केली. सर्व्हरचा पत्ता `192.168.10.5` हा होता. नोंदणी लिपिकाचा संगणक शेजारच्या खोलीत असून त्याचा पत्ता `192.168.10.23` हा होता.

दुसऱ्या दिवशी लिपिकाने आपल्या संगणकावरील नोंदणीचा प्रोग्राम उघडला तेव्हा पुढील संदेश आला:

```
ERROR 1130 (HY000): Host '192.168.10.23' is not allowed to connect to this MySQL server
```

पहिला अडथळा : पत्ता

या संदेशात वापरकर्त्याचे नाव नाही आणि पासवर्डचा उल्लेखही नाही. केवळ संगणकाचा पत्ता आहे. एवढ्यावरूनच हे कळून येते की, विनंती पहिल्या पायरीवरच अडली आहे. सर्व्हरवरील सर्व खाती `localhost`, म्हणजे ‘खुद्द याच संगणकावरून’, या पत्त्याची होती. बाहेरील कोणत्याही संगणकाशी जुळणारी एकही ओळ यादीत नव्हती. लिपिकाने या वेळी शंभर पासवर्ड टंकले असते तरी त्यांपैकी एकही तपासला गेला नसता.

१०४५ क्रमांकाचा संदेश अधिक फसवा असतो. समजा, याच सर्व्हरवर लेखा शाखेचे एखादे खाते `%` या पत्त्याने, म्हणजे ‘कोठूनही’, असे आधीच निर्माण केलेले असते. तर लिपिकाचा संगणक त्या खात्याच्या पत्त्याशी जुळला असता, पहिली पायरी ओलांडली गेली असती आणि `nondani` या नावाची जुळणारी ओळ न मिळाल्याने पुढील संदेश आला असता:

```
ERROR 1045 (28000): Access denied for user 'nondani'@'192.168.10.23' (using password: YES)
```

पासवर्ड चुकला असतानाही नेमका हाच संदेश येतो. असे का, हा प्रश्न साहजिक आहे. नाव अस्तित्वात नाही आणि पासवर्ड चुकला या दोन गोष्टी सर्व्हरने वेगवेगळ्या शब्दांत सांगितल्या, तर एखादा परका मनुष्य निरनिराळी नावे टंकून कोणती खाती अस्तित्वात आहेत हे शोधून काढू शकेल. म्हणून सर्व्हर हेतुतः मोघम उत्तर देतो. परक्यापासून संरक्षण म्हणून ते योग्यच आहे; परंतु दोष शोधणाऱ्याने त्याचा अर्थ ‘पासवर्ड चुकला’ असा करून घेऊ नये. ‘या नावाने, या पत्त्यावरून, दिलेल्या पासवर्डने प्रवेश मिळाला नाही’ एवढाच त्याचा अर्थ होय.

संशय फेडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सर्व्हरवर प्रशासकाच्या खात्याने प्रवेश करून खात्यांची यादी पाहणे:

```
SELECT user, host, plugin
FROM mysql.user
WHERE user = 'nondani';
```

उदाहरणातील सर्व्हरवर याचे उत्तर एका ओळीचे आले. पत्त्याच्या रकान्यात `localhost` होते आणि पद्धतीच्या रकान्यात `caching_sha2_password` होते. संदेशात `@` या चिन्हापुढे जो पत्ता असतो तो सर्व्हरला प्रत्यक्ष दिसलेला पत्ता असतो. तो यादीतील पत्त्याशी ताडून पाहावा. येथे `192.168.10.23` शी जुळणारी ओळ नाही हे उघड झाले. कित्येकदा दोन इमारतींमधील जोडणी मध्यस्थ उपकरणातून जाते व सर्व्हरला लिपिकाच्या संगणकाऐवजी त्या उपकरणाचा पत्ता दिसतो. म्हणून संगणकावर चिकटविलेल्या कागदावरील पत्ता प्रमाण न मानता संदेशातील पत्ताच प्रमाण मानावा.

तंत्र साहाय्यकाने कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरते दुसरे खाते निर्माण केले आणि त्यास आवश्यक तेवढेच अधिकार दिले:

```
CREATE USER 'nondani'@'192.168.10.%' IDENTIFIED BY '<नवा पासवर्ड>';
GRANT SELECT, INSERT, UPDATE ON shala_pat.* TO 'nondani'@'192.168.10.%';
```

यातील दुसरी आज्ञा विसरता कामा नये. `localhost` च्या खात्यास दिलेले अधिकार नव्या खात्याकडे आपोआप येत नाहीत. ते न दिल्यास प्रवेश मिळतो, पण डेटाबेस उघडताना १०४४ क्रमांकाचा नकार येतो. तो लॉगिनचा दोष नसून अधिकारांचा अभाव असतो.

दुसरा अडथळा : ओळख पटविण्याची पद्धत

खाते निर्माण झाल्यावर लिपिकाने पुन्हा प्रयत्न केला. प्रवेश मिळाला नाही. परंतु संदेश बदलला. संदेश बदलणे ही प्रगतीची खूण असते, कारण विनंती एक पायरी पुढे सरकल्याचे त्यावरून समजते. नवा संदेश असा होता:

```
ERROR 2059 (HY000): Authentication plugin 'caching_sha2_password' cannot be loaded: The specified module could not be found.
```

हा संदेश सर्व्हरने दिलेला नाही. मायएसक्यूएलमध्ये दोन हजारांपासून पुढील क्रमांकांचे जे संदेश असतात, त्यांपैकी २०५९ हा मागणाऱ्या बाजूचा, म्हणजे लिपिकाच्या संगणकावरील प्रोग्रामचा आहे. सर्व्हरने सांगितलेली पद्धत आपल्याजवळ नाही, असे तो प्रोग्राम सांगत आहे.

याचे मूळ प्रणालीच्या इतिहासात आहे. पूर्वी मायएसक्यूएलमध्ये `mysql_native_password` ही पद्धत रूढ होती. तीत पासवर्डवर एसएचए-१ ही गणिती प्रक्रिया दोनदा करून येणारा ठसा साठविला जाई. दोन खात्यांचा पासवर्ड एकच असेल तर दोहोंचा ठसाही एकच येई, आणि आजच्या संगणकांच्या वेगापुढे असे ठसे उलगडणे फार कठीण राहिलेले नाही. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून `caching_sha2_password` ही अधिक भक्कम पद्धत नव्या खात्यांसाठी प्रमाण ठरली. २०२४ मधील ८.४ आवृत्तीत जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते, आणि त्याच वर्षी आलेल्या ९.० आवृत्तीच्या सर्व्हरमधून ती पूर्णपणे काढून टाकण्यात आली.

लिपिकाच्या संगणकावरील नोंदणीचा प्रोग्राम ५.६ आवृत्तीच्या काळातील जोडभाग वापरत होता. नवी पद्धत त्यास ठाऊक असणे शक्यच नव्हते. याहूनही जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत हाच दोष १२५१ क्रमांकाच्या संदेशाने व्यक्त होतो. त्यात ‘सर्व्हरने मागितलेली ओळखपद्धती हा प्रोग्राम जाणत नाही’ अशा आशयाचे वाक्य असते. उलट दिशेनेही विसंगती संभवते. जुन्या सर्व्हरवरील खाती जशीच्या तशी ८.४ वर आणली आणि त्यांच्या पद्धतीच्या रकान्यात `mysql_native_password` राहिले, तर ती पद्धत सुरू नसल्याचे १५२४ क्रमांकाच्या संदेशाने सर्व्हरच कळवितो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, २०५९ हा संदेश आला असता पासवर्ड बरोबर आहे की चूक याविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. त्याची तपासणी अद्याप झालेलीच नसते. दोष प्रोग्रामचा आहे याची खात्री करण्यासाठी त्याच संगणकावर नव्या आवृत्तीचा मायएसक्यूएलचा साधा प्रोग्राम ठेवून पुढील आज्ञा द्यावी:

```
mysql -h 192.168.10.5 -u nondani -p
```

संगणक तोच, नाव तेच, पासवर्ड तोच. बदल फक्त प्रोग्रामचा. नव्या प्रोग्रामने २०५९ चा संदेश नाहीसा झाला तर दोष जुन्या जोडभागात आहे हे सिद्ध होते.

उपाय म्हणजे जोडभाग नव्या आवृत्तीचा बसविणे. ८.४ सर्व्हरवर जुनी पद्धत मुद्दाम सुरू करून खाते तिच्याकडे वळविता येते, हे खरे. पण तो तात्पुरता टेकू ठरतो. पुढील आवृत्तीत ती पद्धतच नसल्याने तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो, आणि दरम्यानच्या काळात त्या खात्याचा पासवर्ड कमकुवत पद्धतीने साठविला जातो. उदाहरणातील कार्यालयाने नोंदणीच्या प्रोग्रामचा जोडभाग बदलून घेतला.

तिसरा अडथळा : पासवर्ड

जोडभाग बदलल्यावर पुन्हा प्रयत्न झाला, आणि या वेळी १०४५ क्रमांकाचा, वर दिलेला संदेश आला. आता पत्ता जुळणारी ओळ यादीत आहे हे पाहिलेले होते, पद्धतीचा प्रश्न सुटलेला होता. तेव्हा पासवर्डवर संशय घेण्याची योग्य वेळ हीच होती.

तथापि लिपिकास ते पटेना. तो सर्व्हरच्या खोलीत गेला, तेथील संगणकावर तेच नाव आणि तोच पासवर्ड टंकला आणि त्याला प्रवेश मिळाला. यावरून पासवर्ड बरोबर असून जोडणीतच काही बिघाड आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. निष्कर्ष वरवर बिनचूक दिसतो. पण तो चुकीचा आहे. सर्व्हरवरून त्याने जे खाते उघडले ते `'nondani'@'localhost'` हे होते. टेबलावरून तो ज्या खात्याचे दार ठोठावत होता ते `'nondani'@'192.168.10.%'` हे होते. पहिल्यास जुना पासवर्ड दिलेला होता, दुसऱ्यास साहाय्यकाने नवा दिला होता. नोंदणीच्या प्रोग्रामच्या मांडणीत मात्र जुनाच पासवर्ड साठविलेला राहिला होता. नाव एक असले तरी कुलपे दोन होती, आणि एका कुलपाला किल्ली लागली म्हणून ती दुसऱ्यालाही लागेल असे नाही.

याच संदर्भात आणखी एक नियम उपयोगी पडतो. एकाच नावाच्या अनेक ओळी एकाच पत्त्याशी जुळत असतील तर सर्व्हर सर्वांत नेमक्या पत्त्याची ओळ निवडतो. `192.168.10.23` असा पूर्ण पत्ता असलेली ओळ `192.168.10.%` या ओळीच्या आधी येते, आणि केवळ `%` असलेली ओळ सर्वांच्या शेवटी. एक ओळ निवडल्यावर तिचा पासवर्ड जुळला नाही तर सर्व्हर पुढची ओळ तपासून पाहत नाही. तेथेच नकार देतो. म्हणून कोणीतरी पूर्वी केव्हा तरी एकाच संगणकापुरते निर्माण केलेले विस्मृत खाते असेल, तर सर्व संगणक चालतात आणि तेवढा एकच अडतो.

संदेशाच्या अखेरीस कंसात येणारे शब्दही वाचावेत. तेथे `YES` असेल तर काही तरी पासवर्ड सर्व्हरपर्यंत गेला होता. `NO` असेल तर पासवर्ड पाठविलाच गेला नाही. तेव्हा तो चुकला असे म्हणण्यात अर्थ नाही. आज्ञेत `-p` लिहावयाचे राहिले, किंवा प्रोग्रामच्या मांडणीतील पासवर्डची ओळ वाचली गेली नाही, अशी त्याची कारणे असतात.

`YES` असताना पासवर्ड चुकण्याची काही कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. पासवर्ड टंकताना अक्षरे पडद्यावर उमटत नसल्याने कळफलक देवनागरीवर राहिला आहे हे ध्यानात येत नाही. मायएसक्यूएलच्या मांडणी-फाइलमध्ये `#` या चिन्हापासून पुढील मजकूर टिप्पणी समजला जातो. पासवर्डात हे चिन्ह असून तो अवतरणचिन्हांत लिहिला नसेल तर त्याचा अर्धाच भाग वाचला जातो. दुसऱ्या फाइलमधून पासवर्ड नकलून घेताना शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते. या शक्यता दूर करण्यासाठी वर दिलेल्या `mysql` आज्ञेने, कळफलक इंग्रजीवर ठेवून, पासवर्ड हाताने टंकून पाहावा. तसे केल्याने प्रवेश मिळाला तर खाते बरोबर असून प्रोग्रामच्या मांडणीतील पासवर्ड चुकला आहे हे ठरते.

साठविलेला पासवर्ड परत वाचता येत नाही, कारण सर्व्हरकडे त्याचा केवळ ठसा असतो. विसर पडल्यास तो नव्याने देणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो देताना पत्त्यासह पूर्ण खाते लिहावे लागते:

```
ALTER USER 'nondani'@'192.168.10.%' IDENTIFIED BY '<नवा पासवर्ड>';
```

उदाहरणातील लिपिकाने प्रोग्रामच्या मांडणीत नवा पासवर्ड घातला आणि नोंदणीचे काम सुरू झाले.

चालता चालता अडणारा प्रवेश

काही दिवस काम व्यवस्थित चालले. पुढे वीज खंडित झाल्याने सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि लिपिकासमोर नवाच संदेश उभा राहिला:

```
ERROR 2061 (HY000): Authentication plugin 'caching_sha2_password' reported error: Authentication requires secure connection.
```

मधल्या काळात खाते, पासवर्ड वा प्रोग्राम यांपैकी काहीच बदलले नव्हते. अशा वेळी सर्व्हर बिघडल्याचा समज होतो. पण खुलासा त्या पद्धतीच्या नावातच आहे. नव्या पद्धतीत प्रथम प्रवेशाच्या वेळी पासवर्डची सविस्तर पडताळणी करावी लागते आणि त्यासाठी पासवर्ड सर्व्हरकडे सुरक्षित मार्गाने, म्हणजे सांकेतिक रूपात, पोहोचावा लागतो. एकदा ती झाली की सर्व्हर तिचा निष्कर्ष आपल्या तात्पुरत्या स्मृतीत जपतो, आणि पुढील प्रवेश सुरक्षित मार्गाविनाही झटपट होतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ही स्मृती पुसली जाते. पासवर्ड बदलला असताही त्या खात्यापुरती ती पुसली जाते.

नोंदणीच्या प्रोग्रामच्या मांडणीत नवा पासवर्ड घालतेवेळीच सांकेतिक जोडणी बंद केली गेली होती. आरंभी साहाय्यकाने साध्या `mysql` प्रोग्रामने त्याच खात्याची चाचणी घेतली होती. तो प्रोग्राम शक्य असेल तेथे सांकेतिक जोडणी आपण होऊन वापरतो. त्या चाचणीमुळे सर्व्हरच्या स्मृतीत नोंद झाली आणि नोंदणीचा प्रोग्राम तिच्या आधारे चालत राहिला. वीज गेल्यावर आधार गेला. येथे पासवर्ड बदलणे निरुपयोगी आहे. प्रोग्रामच्या मांडणीत सांकेतिक जोडणी सुरू करणे हा योग्य उपाय होय. ‘कालपर्यंत चालत होते, सर्व्हर सुरू केल्यापासून चालत नाही’ अशी तक्रार आली की प्रथम याच शक्यतेचा विचार करावा.

कोणते उपाय टाळावेत

कारण न शोधता प्रवेश मिळविण्याचे तीन आडमार्ग वारंवार योजले जातात. पहिला म्हणजे खात्याचा पत्ता `%` असा करणे. त्याने पत्त्याचा अडथळा दूर होतो. पण सर्व्हर बाहेरील जाळ्यास जोडलेला असेल तर जगातील कोणत्याही संगणकावरून त्या खात्याचा पासवर्ड अजमावून पाहता येतो. दुसरा म्हणजे लिपिकास प्रशासकाचे `root` हे खाते देणे. मग एखादी चुकीची आज्ञा संपूर्ण तक्ता पुसू शकते, आणि ती कोणी दिली हे शोधणे कठीण होते. तिसरा म्हणजे सर्व्हर `--skip-grant-tables` या पर्यायासह सुरू करणे. या स्थितीत खात्यांची यादीच वाचली जात नाही आणि पासवर्डविना प्रवेश मिळतो. प्रशासकाचा पासवर्ड हरवला असता, सर्व्हर जाळ्यापासून अलग ठेवून, तो नव्याने देण्यापुरताच हा पर्याय आहे. कामकाजाच्या वेळेत तो चालू ठेवणे म्हणजे अभिलेख कक्षाची दारे उखडून ठेवण्यासारखे आहे.

खात्री आणि नोंद

प्रवेश मिळाल्यानंतर तो नेमक्या कोणत्या खात्याने मिळाला हे पाहून घेणे इष्ट असते. त्यासाठी पुढील प्रश्न सर्व्हरला विचारावा:

```
SELECT USER(), CURRENT_USER();
```

पहिले उत्तर वापरकर्ता कोणत्या नावाने व कोठून आला हे सांगते. दुसरे उत्तर सर्व्हरने त्यास यादीतील कोणती ओळ लागू केली हे सांगते. लिपिकाच्या संगणकावर पहिले उत्तर `nondani@192.168.10.23` असे आणि दुसरे `nondani@192.168.10.%` असे आले, म्हणजे योग्य तेच खाते लागू झाले होते. दुसऱ्या उत्तरात अपेक्षेबाहेरचे खाते दिसले तर ते विस्मृत खाते शोधण्याची ती सूचना समजावी.

तक्रार वरिष्ठ कार्यालयाकडे वा तंत्र साहाय्यकाकडे पाठविताना ‘पासवर्ड चालत नाही’ असे लिहिण्याऐवजी संदेश क्रमांकासह अक्षरशः उतरवून पाठवावा. संगणक कोणता, प्रोग्राम कोणता आणि सर्व्हर शेवटचा केव्हा सुरू झाला हेही कळवावे. ११३० असेल तर पत्ता पाहावयाचा. २०५९, १२५१ वा १५२४ असेल तर पद्धत पाहावयाची. २०६१ असेल तर सांकेतिक जोडणी पाहावयाची. १०४५ असेल तर मात्र प्रथम खात्यांची यादी उघडून पत्ता जुळणारी ओळ आहे किंवा नाही हे ठरवावे, आणि ती असेल तरच पासवर्डकडे वळावे.